गाईडना मुदतवाढीचा मेल: मागच्या अहवालात मीच चुकीचं लिहिलंय, ते कसं सांगू?

तापीकाठची (७ जुलै, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि अर्थशास्त्रात पीएचडी करते, चौथं वर्ष चालू आहे. विषय रावेर आणि यावल तालुक्यांतल्या केळी उत्पादकांचा. हवामानावर आधारित फळपीक विमा घेतलेले आणि न घेतलेले शेतकरी, त्यांचं एकरी उत्पादन आणि नुकसान यांची तुलना करायची आहे. १८० प्रश्नावल्या भरून झाल्यात. चौथं प्रकरण सरांना १५ जुलैला द्यायचंय आणि २५ तारखेला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण आहे.

घोळ असा झालाय. ३ तारखेला तक्ते तपासताना सावद्याजवळच्या एका शेतकऱ्याचं एकरी उत्पादन ३४८ क्विंटल दिसलं. आकडा फारच चढा वाटला म्हणून त्यांची विम्याची पावती काढली. पावतीवर क्षेत्र २.८० हेक्टर, म्हणजे साधारण ६.९ एकर. माझ्या तक्त्यात मात्र ५.७४ एकर. मग उमगलं की यांनी एकर सांगितलेच नव्हते, "दहा हजार खोडं" एवढंच सांगितलं होतं आणि एकर मी काढले होते. पाच बाय पाच फुटांची लागवड धरून एकरी १७४२ खोडं, असा हिशेब केला होता. यांची लागवड सहा बाय पाचवर आहे. त्यात एकरी १४५२ खोडं बसतात, म्हणजे क्षेत्र ६.८९ एकर आणि उत्पादन ३४८ नव्हे, २९० क्विंटल.

१८० पैकी ४६ जणांनी असं खोडांतच सांगितलंय आणि सगळ्यांना मी एकच अंतर लावलं होतं. आता त्या ४६ जणांना फोन करून अंतर विचारते आहे. तीन संध्याकाळी ११ झाले.

याहून जड गोष्ट पुढे आहे. जूनमध्ये सहामाही प्रगती अहवालात मी "माहितीचे विश्लेषण पूर्ण" असं लिहून दिलं. सरांनी त्यावर सही केली. तेव्हा विश्लेषण पूर्ण नव्हतंच, निम्मे तक्ते व्हायचे होते. वाटलं होतं, पंधरा दिवसांत उरकेल.

मेलचा मसुदा केलाय. तो असा:

"आदरणीय सर, सादर प्रणाम. आपण कुशल असाल अशी आशा आहे. जून महिन्यात वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तसेच कॉलेजमध्ये प्रवेशप्रक्रियेचे काम होते आणि आमच्याकडे विजेचाही प्रश्न आहे. त्यातच माहितीमध्ये काही तांत्रिक अडचणी आढळल्याने प्रकरण ४ पूर्ण होण्यास थोडा विलंब होत आहे. तरी कृपया एक आठवड्याची मुदतवाढ द्यावी ही नम्र विनंती."

यात एकही गोष्ट खोटी नाही. ऑपरेशन झालं, प्रवेशाचं काम होतं, वीजही जाते. तरी पाठवायला हात धजत नाही. काय बदलू?

---

धुळ्याचा_संशोधक (रात्री १०.०५)

मसुदा चांगला आहे, नम्र आहे. फक्त कागद जोडा. वडिलांच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि कॉलेजचं प्रवेशाच्या ड्युटीचं पत्र. कारणाला पुरावा असला की गाईडला पुढे समितीत उत्तर देता येतं, आणि सगळं लेखी राहिलं तर उद्या कोणी "कळवलंच नव्हतं" म्हणू शकत नाही. अहवालाचा विषय मात्र मेलमध्ये काढू नका. लेखी कबुली कायमची राहते.

---

नंदुरबारकर (रात्री १०.२०)

ताई, माझंही हेच चाललंय. सहा वर्षं डिसेंबरात संपतात. मुदतवाढीचा अर्ज गाईडमार्फत द्यायचा की थेट विद्यापीठाच्या पीएचडी विभागात, हे कोणी नीट सांगत नाही. फी किती पडते? तुम्ही अर्ज केला असेल तर नमुना टाका ना.

---

निवृत्त_मार्गदर्शक (रात्री ११.१५)

नंदुरबारकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ताईंची तारीख गाईडने दिलेली आहे, ती गाईडच्या हातात आहे. तुमची नोंदणीची मुदत आहे. २०२२ च्या यूजीसी नियमावलीप्रमाणे प्रवेशापासून सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यापुढे आणखी दोन, पण एकूण दहाच्या वर नाही. तुमची नोंदणी त्या नियमावलीच्या आधीची असेल तर जुने नियम लागतात, म्हणून आधी नोंदणीपत्रावरची तारीख बघा आणि वेगळा धागा काढा. फीचं पत्रक विद्यापीठाचं स्वतःचं असतं.

आता तापीकाठची. मी बरीच वर्षं गाईड म्हणून काम केलं, असे मेल पुष्कळ वाचले. तुमचा हात का धजत नाही ते सांगतो. स्वतःला विचारा: वडिलांचं ऑपरेशन झालं नसतं, प्रवेशाचं काम नसतं, वीज गेली नसती, तर १५ तारखेला बरोबर प्रकरण तयार असतं का? नसतं. ४६ प्रश्नावल्यांचं क्षेत्र तेव्हाही चुकलेलंच राहिलं असतं. म्हणजे या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण उशिराचं कारण नाहीत. त्या काढा. खरं कारण तुम्ही "काही तांत्रिक अडचणी" या तीन शब्दांत गुंडाळलंय, ते उलगडा.

ते उलगडलं की मला, म्हणजे तुमच्या सरांना, काहीतरी करता येतं. "तांत्रिक अडचणी" वाचून मी काय करणार? "४६ शेतकऱ्यांचं क्षेत्र खोडांवरून काढताना लागवडीचं अंतर एकच धरलं गेलं" असं वाचलं तर मी लगेच विचारेन की उरलेले १३४ ठीक आहेत ना, तिसऱ्या प्रकरणात हे आकडे कुठे वापरलेत का, मागच्या परिषदेतल्या पेपरात गेलेत का. ही उत्तरं तुम्हीच आधी देऊन ठेवा.

आणि "एक आठवडा" कुठून आला?

---

तापीकाठची (रात्री ११.४०)

खरं सांगू सर? आठवडा मागितला तर ते नाही म्हणणार नाहीत, म्हणून. हिशेब केला नव्हता.

तिसऱ्या प्रकरणात हे आकडे नाहीत, तिथे फक्त शिक्षण आणि सिंचनाची माहिती आहे. पेपरात मात्र एक तक्ता गेलाय, तो आधीच्या ६० प्रश्नावल्यांवरचा होता. त्यात या ४६ पैकी किती होते ते उद्या बघते. हे लक्षातच आलं नव्हतं.

---

निवृत्त_मार्गदर्शक (८ जुलै, सकाळी ६.५०)

मग हिशेब करू. तीन संध्याकाळी ११, म्हणजे दिवसाला चार धरा. ३५ राहिले, नऊ संध्याकाळी. त्यात तुमची १५ तारीख उलटते. दोघं-चौघं फोन उचलणार नाहीत, त्यांच्याकडे जावं लागेल, दोन दिवस. आली १८ तारीख. तक्ते पुन्हा काढायला किती?

---

तापीकाठची (सकाळी ७.३०)

चार दिवस. आणि लिहायला, तिसऱ्या प्रकरणाला नऊ दिवस लागले होते. म्हणजे ३१ जुलै.

---

निवृत्त_मार्गदर्शक (सकाळी ७.४५)

आणि तुम्ही २२ जुलै मागत होता. २२ ला तुमच्या हातात नुसते तक्ते असते. मग दुसरा मेल, दुसरी नम्र विनंती. गाईडचा विश्वास बहुतेक वेळा या दुसऱ्या मेलने जातो, पहिल्याने नाही. ३१ वर तीन-चार दिवस ठेवा आणि ४ ऑगस्ट मागा. हिशेबही मेलमध्ये एका ओळीत द्या, म्हणजे सरांना त्यातलं काही कापायचं असेल तर कुठे कापायचं ते दिसेल.

२५ च्या समितीचं काय करायचं हेही तुम्हीच मांडा. सदस्यांना कागद साधारण आठवडाभर आधी, म्हणजे १८ ला जातात. सरांना तुमच्या मेलमधून सगळ्यात आधी हेच हवं असणार.

---

भुसावळची_स्मिता (सकाळी ९.१०)

यावर सोपा उपाय दिसतोय. विम्याच्या पावतीवर क्षेत्र असतंच. ४६ जणांच्या पावत्या काढा, क्षेत्र उचला, दोन दिवसांत काम संपेल. मुदतवाढ कशाला?

---

तापीकाठची (सकाळी ९.३५)

४६ पैकी फक्त १९ जणांनी विमा काढलाय, त्यांच्याच पावत्या आहेत. बाकीचे २७ विमा न काढलेले. तुलना त्यांच्याशीच आहे. एका गटाचं क्षेत्र पावतीवरून आणि दुसऱ्याचं फोनवरून घेतलं तर फरक विम्यामुळे दिसतोय की मोजायच्या पद्धतीमुळे, हे सांगता येणार नाही. शिवाय पावतीवर लिहिलेलं आणि प्रत्यक्ष लावलेलं क्षेत्र सगळ्यांचं सारखं असेल याची खात्री मला नाही. पण १९ जणांचं फोनवरचं उत्तर पावतीशी ताडून बघता येईल, ते करते. धन्यवाद ताई.

---

केळीबाग_रावेर (दुपारी १.१५)

मी शेतकरी आहे, पीएचडीतलं कळत नाही, पण खोडांचं कळतं. ताई, आम्ही "दहा हजार" म्हणतो ते लावलेलं. कापणीला दहा हजार घड निघत नाहीत. काही रोपं मरतात, काहींच्या नांग्या भरतो, काही वाऱ्यानं पडतात. तुम्ही उत्पादन कसं काढलं? खोडं गुणिले घडाचं वजन असं काढलं असेल तर तेही चुकेल.

आणि आता मृगबागेची लागवड चाललीय, दिवसा कोणी फोन घेणार नाही. साडेआठनंतर करा. "एकरी किती खोडं" असं विचारू नका, कोणी तोंडाला येईल ते सांगेल. "दोन ओळींत किती फूट, दोन झाडांत किती फूट" असं विचारा. ते प्रत्येकाला पाठ असतं. बठ्ठं खरं सांगी दे सरले, ताई. घाबरू नको.

---

तापीकाठची (दुपारी २.५०)

दादा, तुम्ही मोठी गोष्ट सांगितलीत. ज्यांच्याकडे व्यापाऱ्याच्या काट्याच्या पट्ट्या होत्या त्यांचं उत्पादन मी पट्टीवरून घेतलंय, ते ठीक आहे. पण आता वही उघडून बघितली, ४६ पैकी ८ जणांकडे पट्टी नव्हती. त्यांचं मी खोडं गुणिले सरासरी घड असंच काढलंय.

म्हणजे त्या आठ जणांना "कापले किती" हेही विचारायला हवं. फोन झालेल्या ११ पैकी तिघं त्यात आहेत, त्यांना पुन्हा फोन. बरं झालं ३१ तारीख लिहून पाठवली नाही.

---

धुळ्याचा_संशोधक (सायंकाळी ६.२०)

ऑपरेशनचं कळलं, काढा ते. पण अहवालाच्या बाबतीत मी ठाम आहे. सरांनी सही केलेला कागद चुकीचा होता असं मेलमध्ये लिहिलं की सरही अडकतात. त्यांच्या मेलबॉक्समध्ये पुरावा राहतो की त्यांना ८ जुलैला कळलं होतं. मग त्यांना काहीतरी करावंच लागेल. हे तोंडी सांगा, केबिनमध्ये.

---

निवृत्त_मार्गदर्शक (सायंकाळी ७.००)

तुमच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे. हे मेलवर पहिल्यांदा कळणं वाईट. सरांनी ते जळगावला जाताना बसमध्ये फोनवर वाचावं, हे मलाही नको वाटतं. आधी फोन करून "सर, मेल पाठवतेय, त्यात अहवालाबद्दल एक चूक कबूल केलीय" एवढं सांगावं.

पण मेलमधून ते वगळावं, हे मला पटत नाही. समितीतल्या एखाद्या सदस्याने २५ तारखेला विचारलं की "जूनमध्ये विश्लेषण पूर्ण होतं, मग प्रकरण कुठे आहे?" तर उत्तर सरांना द्यायचंय. त्यांना हे आधी माहीत नसेल तर ते सगळ्यांसमोर तुमच्याकडे बघतील. माझ्यावर अशी वेळ एकदा आली होती. मुलगा हुशार होता, पुढे पदवीही मिळाली, पण त्या दिवसानंतर त्याचा प्रत्येक अहवाल सही करण्याआधी मी ओळ न् ओळ तपासत असे. दोघांनाही त्याचा त्रास झाला.

सर अडकतात हे मात्र खरं आहे. दुरुस्तीचा अहवाल द्यायचा की पुढच्या अहवालात टीप जोडायची, ते सरांनी ठरवायचं. मेलमध्ये त्यावर सल्ला देऊ नका.

---

धुळ्याचा_संशोधक (सायंकाळी ७.१५)

सगळे गाईड तुमच्यासारखे नसतात सर. मी लेखी कबुली दिली होती, ती दोन वर्षं ऐकून घेतोय. म्हणून सांगतोय.

---

तापीकाठची (९ जुलै, रात्री १०.३०)

दोघांचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. माझे सर रागावतात, पण झालेलं पुन्हा काढत नाहीत, हे चार वर्षांत पाहिलंय. म्हणून लिहायचं ठरवलं. दादा, तुमचा अनुभव वेगळा आहे, तो मी हलका धरत नाही.

पेपरातला तक्ताही तपासला. त्या ६० मध्ये या ४६ पैकी १४ जण आहेत. तेही मेलमध्ये घातलंय. हा नवा मसुदा:

"विषय: प्रकरण ४ हे १५ जुलैऐवजी ४ ऑगस्टला देण्याबाबत, आणि जूनच्या अहवालातील चूक

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. प्रकरण ४ मी १५ जुलैला देऊ शकणार नाही. ४ ऑगस्टपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती.

३ जुलैला लक्षात आले की १८० पैकी ४६ शेतकऱ्यांनी क्षेत्र खोडांत सांगितले होते आणि मी सर्वांसाठी ५×५ फूट अंतर धरून एकर काढले. अंतर प्रत्येकाला विचारायला हवे होते, ते मी विचारले नाही. यातील ८ जणांचे उत्पादनही लावलेल्या खोडांवरून काढले आहे, तेही तपासावे लागेल. बाकी १३४ जणांचे क्षेत्र एकरांतच नोंदवलेले आहे. प्रकरण ३ मध्ये हे आकडे नाहीत. परिषदेतील पेपराच्या तक्ता २ मध्ये मात्र यातील १४ जण आहेत.

जूनच्या प्रगती अहवालात मी 'विश्लेषण पूर्ण' असे लिहिले होते. ते खरे नव्हते. तेव्हा निम्मे तक्ते बाकी होते आणि मी ते आपल्याला सांगितले नाही. आपण माझ्या शब्दावर सही केलीत, याबद्दल मी क्षमा मागते.

आजवर १८ जणांशी बोलणे झाले, त्यातील तिघांना पुन्हा विचारायचे आहे. उरलेले फोन आणि भेटी २० जुलैपर्यंत, तक्ते २४ पर्यंत, लेखन २ ऑगस्टपर्यंत, असा माझा अंदाज आहे. तक्ते तयार होताच २४ ला आपल्याला पाठवीन.

२५ च्या समितीसमोर प्रकरण ३ आणि ही चूक व तिची दुरुस्ती सादर करता येईल, किंवा १३४ जणांवरचे तात्पुरते तक्ते ठेवता येतील. यातील काय योग्य, ते आपण सांगावे. त्याप्रमाणे १८ तारखेच्या आत कागद तयार करीन.

आपली विद्यार्थिनी"

---

भुसावळची_स्मिता (रात्री १०.५०)

वाचताना कुठे अडखळले नाही. एकच शंका. १३४ जणांवरचे तक्ते खरंच ठेवता येतील का? खोडांत सांगणारे ४६ कोण आहेत? ते मोठे बागायतदार असतील, किंवा जुन्या पद्धतीचे म्हातारे शेतकरी असतील, तर त्यांना वगळून काढलेली सरासरी एका बाजूला झुकणार.

---

निवृत्त_मार्गदर्शक (रात्री ११.०५)

स्मिताताईंची शंका रास्त आहे. ४६ पैकी २७ विमा न काढलेले, म्हणजे निम्म्याहून जास्त. दोन गटांतून माणसं सारखी वजा होत नाहीत. वगळायचे झाले तर आधी ४६ आणि १३४ यांचं वय, सिंचन, शिक्षण शेजारी ठेवून बघा, ते आकडे तर तुमच्याकडे बरोबर आहेत. पण हे मेलमध्ये वाढवू नका. "१३४ जणांवरचे तक्ते एकांगी असू शकतात" एवढं एक वाक्य घाला आणि पाठवा. आजच. तारखेच्या सहा दिवस आधीचा मेल आणि १४ तारखेच्या रात्रीचा मेल, यांत मजकूर तोच असला तरी सरांकडे उरलेले दिवस सारखे नसतात.

"क्षमा मागते" एकदाच ठेवलंत ते बरं केलंत.

---

तापीकाठची (रात्री ११.३०)

सरांना फोन केला, ते जागे होते. "पाठव" एवढंच म्हणाले. ते वाक्य घालून मेल पाठवला.

---

तापीकाठची (११ जुलै, दुपारी १२.१०)

काल उत्तर आलं. जसं आहे तसं देते:

"वाचले. १३४ वर काही सादर करायचे नाही. प्रकरण ३ आणि चूक, दोन्ही ठेव. लागवडीचे अंतर किती वेगवेगळे निघाले त्याचा छोटा तक्ता कर. पेपराच्या दुरुस्तीचे संपादकांना तू लिही, मला प्रत दे. अहवालाविषयी समोर बोलू. सोमवारी तीन वाजता ये, ४६ प्रश्नावल्या घेऊन ये. तारखेचे तेव्हा ठरवू."

म्हणजे ४ ऑगस्ट अजून मिळालेली नाही. २६ जण झाले. आतापर्यंत पाच बाय पाच, साडेपाच बाय पाच आणि सहा बाय पाच अशी तीन अंतरं निघाली आहेत, आणि एकाने जोडओळ पद्धत सांगितली, तिची एकरी खोडं कशी काढायची ते मला येत नाही. केळीबाग दादा, आज साडेआठनंतर तुम्हाला फोन केला तर चालेल का?

---

केळीबाग_रावेर (दुपारी १.००)

कर. दोन जोड्यांमधलं अंतर आणि जोडीच्या आतलं अंतर, दोन्ही लिहून ठेव. मग सांगतो.